शिफारशींचं लेखन, लेखांक ६ : ‘२४ तास गरम’ म्हणजे नक्की किती?

‘पाच उत्तम थर्मास’ अशा मथळ्याचा लेख वाचणारा दुसऱ्या परिच्छेदातच ओळखतो की लेखकानं एकही बाटली वापरलेली नाही. ‘दिसायला आकर्षक, वजनाला हलकी, २४ तास गरम’ हे तर खोक्यावरही छापलेलं असतं. लेखकानं सांगायचं ते खोक्यावर नसलेलं.

पहिला प्रश्न, गरम कशाला म्हणायचं? त्याचा आकडा चाचणीआधी ठरवावा. समजा, सहा तासांनी ६० अंश सेल्सिअसच्या वर असेल ती बाटली पास. निकाल हाती आल्यावर ही रेषा सरकवायची नाही, आणि ती लेखात छापायची.

मग सगळ्यांना सारखी वागणूक. अर्धा लिटरची बाटली अर्धा लिटरशीच लावावी. एक लिटरची बाटली मुळातच सावकाश निवते, कारण पाण्याच्या मानानं तिचा पृष्ठभाग कमी असतो. सगळ्या बाटल्या आधी गरम पाण्यानं विसळाव्यात, काठोकाठ नव्हे पण सारख्याच खुणेपर्यंत भराव्यात आणि एकाच खोलीत ठेवाव्यात. पाणी उकळलं म्हणजे १०० अंश झालं, असंही धरू नये. महाबळेश्वरच्या उंचीवर ते साधारण ९५-९६ अंशांलाच उकळतं. म्हणून सुरुवातीचं तापमानही मोजायचं.

इथे एक चूक हमखास होते. दर तासाला झाकण उघडून तापमापी घातली, की प्रत्येक वेळी वाफ निघून जाते आणि बाटलीपेक्षा मोजणाराच पाणी जास्त निववतो. सहा तासांचा आकडा हवा असेल तर झाकण सहा तासांनीच उघडावं. बारा तासांसाठी बाटली नव्यानं भरावी.

हे सगळं केल्यावर लेखातलं वाक्य कसं बदलतं, ते पाहा. ‘उष्णता उत्तम टिकते’ याऐवजी, उदाहरणार्थ, असं लिहिता येतं: ‘खोली २७ अंश, पाणी ९७ अंश, सहा तासांनी ६८. आडवी ठेवल्यावर झाकणाखालचा कागद ओला झाला, म्हणून दप्तरासाठी नको.’ एखाद्या बाटलीची बाहेरची भिंत हाताला कोमट लागली, तर आतली निर्वात पोकळी बिघडलेली असण्याची शक्यता मोठी. अशी नापास बाटलीही कारणासह यादीत हवी. नुसते विजेते छापले तर निवड झाली कशातून, हे कळत नाही.

वस्तू कुठून आली, हेही सांगावं. अमेरिकेतली ‘कन्झ्युमर रिपोर्ट्‌स’ ही संस्था १९३६ पासून चालते. ती जाहिराती घेत नाही आणि चाचणीच्या वस्तू बाजारातून स्वतः विकत घेते.

आणि मर्यादाही लिहावी. दोन आठवडे वापरलेल्या बाटलीचं रबर दोन वर्षं टिकेल का, हे लेखकाला माहीत नसतं. तसं स्पष्ट छापावं.

पुढील लेखांकात : कंपनीनं फुकट पाठवलेल्या नमुन्याचं काय करावं?