अक्षर मोठं हवं, सूर लाडिक नको

अमेरिकेतल्या हाइन्झ कंपनीच्या लक्षात आलं, की लहान बाळांसाठी डबाबंद केलेला तिचा मऊ आहार काही वयस्क माणसंही विकत घेतात. कुणाला कवळी होती, कुणाला जड पचत नव्हतं. कंपनीनं १९५५ मध्ये खास त्यांच्यासाठी ‘सीनियर फूड्स’ बाजारात आणले. गरज खरी होती आणि पदार्थही त्या गरजेला धरून होते, तरी ते चालले नाहीत. बाळाचा डबा घेताना दुकानदाराला ‘नातवासाठी नेतोय’ असं सांगता येत होतं. नव्या डब्यावर मात्र घेणाऱ्याचं म्हातारपणच छापलेलं होतं, आणि तो चारचौघांत गल्ल्यावर ठेवावा असं कुणालाच वाटलं नाही.

जाहिरातीच्या धंद्यात ही गोष्ट आजही सांगितली जाते, पण तिच्यातून घ्यायचा धडा फारसा कुणी घेत नाही. आपल्याकडची वर्तमानपत्रं उघडून पाहा. श्रवणयंत्रं, गुडघ्याचे पट्टे, ज्येष्ठांसाठीची गृहसंकुलं, आरोग्य विमा. एका बाकावर पाठमोरं बसलेलं जोडपं, मागे मावळता सूर्य, वर ‘आयुष्याच्या सायंकाळी’ असे शब्द. नाहीतर काळा गॉगल लावून नाचणारी आजी, जिला पाहून आपण कौतुकानं हसावं अशी अपेक्षा असते. पहिल्या चित्रात वयस्क माणूस संपत आलेला असतो, दुसऱ्यात तो गंमतीचा विषय असतो. बँकेत स्वतःच्या मुदतठेवींचं गणित मांडणारा, सोसायटीच्या सभेत हिशेबावर प्रश्न विचारणारा, दहा दुकानं फिरून मिक्सर घेणारा माणूस या दोन्हीत नसतो. खरेदी तर तोच करतो.

यामागचं एक कारण मोजलेलं आहे. डेव्हिड रुबिन आणि डॉर्थे बर्न्टसेन या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये डेन्मार्कमधल्या लोकांची पाहणी प्रसिद्ध केली. चाळिशी ओलांडलेली माणसं स्वतःला आपल्या खऱ्या वयापेक्षा सरासरी वीस टक्के तरुण समजतात, असं त्यांना आढळलं. म्हणजे सत्तरीचा माणूस मनानं छप्पन्नच्या आसपास असतो. समाज बदलला की हा आकडा थोडा बदलेल, पण अनुभव आपल्या ओळखीचा आहे. अडुसष्ट वर्षांच्या बाईला ‘म्हाताऱ्या माणसांसाठी’ अशी जाहिरात दाखवा. ती मनापासून म्हणेल, ‘आमच्या सासूबाईंना उपयोगी पडेल.’ जाहिरात तिच्यासाठीच होती, पण तिनं ती दुसऱ्याच्या नावावर टाकली.

मग बोलायचं कसं? इथे बहुतेक मजकूर लिहिणारे एक मोठी गल्लत करतात. वय वाढलं की डोळे, कान, सांधे बदलतात आणि त्याची दखल जाहिरातीनं घ्यायलाच हवी. पण ती दखल ते अक्षरात घेत नाहीत, सुरात घेतात. मजकूर तसाच बारीक ठेवतात आणि भाषा मात्र बाळाशी बोलल्यासारखी करतात. ‘आपण आता छान छान चालूया हं!’ या तऱ्हेच्या बोलण्याचा परदेशात बराच अभ्यास झाला आहे. आवाज उंच करणं, शब्द ओढून ओढून उच्चारणं, ‘इवलंसं’, ‘गोडसं’ असे शब्द पेरणं, ‘तुम्ही’च्या जागी ‘आपण सगळे’ म्हणणं, ही त्याची लक्षणं.

हे सगळं मदत म्हणून केलं जातं, म्हणून त्यातलं नेमकं काय उपयोगी पडतं हे कॅन्सस विद्यापीठातल्या सुझन केम्पर आणि टॅमरा हार्डन यांनी तपासलं. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांत वयस्क माणसांना सूचना ऐकून नकाशावर रस्ता दाखवायचा होता. सूचनांची मांडणी दर वेळी वेगळी होती. वाक्यात वाक्य गुंतवणं टाळलं आणि सांगितलेली गोष्ट थोडी अधिक उलगडून सांगितली, तेव्हा लोकांना रस्ता जास्त चांगला सापडला. वाक्यांचे बारीक तुकडे केले, बोलण्याचा वेग अगदी मंद केला, आवाज उंच चढवला, तेव्हा फायदा झाला नाही, उलट अडचण वाढली. जाहिरात लिहिणाऱ्या प्रत्येकानं हा निष्कर्ष टेबलासमोर लावून ठेवावा, असं मला मनापासून वाटतं. समजायला सोपं करणं आणि माणसाला लहान करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली केल्यानं काम होतं, दुसरीनं माणूस फक्त दुखावतो.

श्रवणयंत्राचं उदाहरण घेऊ. वयानुसार कान मंदावतो तेव्हा सहसा आधी वरच्या पट्टीतले, बारीक आवाज हरवतात. स्वरांचा जोर खालच्या पट्टीत असतो, ते कानावर पडत राहतात. स, श, फ, ठ यांसारखी व्यंजनं निसटतात. म्हणून अशा माणसांची तक्रार ‘ऐकू येत नाही’ अशी नसते. ‘ऐकू येतं, पण बोलणं कळत नाही’ अशी असते. रेडिओवरच्या जाहिरातीत मागे ढोलकी वाजत असताना निवेदक घाईघाईनं किंमत सांगून मोकळा होतो, तेव्हा ‘सात हजार’ की ‘साठ हजार’ हेच नीट कळत नाही. यावर ओरडून बोलणं हा उपाय नव्हे. किंमत आणि फोन नंबर सांगताना संगीत पूर्ण थांबवावं, नेहमीच्या वेगात स्पष्ट बोलावं आणि नंबर दोनदा सांगावा.

आता अशा यंत्राची आपल्याकडे सर्रास दिसते तशी एक जाहिरात समोर ठेवू. मजकूर मी नमुन्यादाखल रचला आहे.

‘प्रिय आजी-आजोबा, नातवंडांचे बोबडे बोल हरवू देऊ नका! अगदी सोप्पं, इवलंसं यंत्र. मुलांनो, आईबाबांना द्या प्रेमाची भेट. आजच फोन करा!’ तळाशी फिकट राखाडी रंगात मुंगीएवढ्या अक्षरांत ‘अटी लागू’.

पहिल्या दोन शब्दांतच निम्मं गिऱ्हाईक गेलं. रिक्षावाला किंवा भाजीवाली ‘आजोबा’ म्हणते तेव्हा ती समोरच्या माणसाकडे पाहून, आपुलकीनं म्हणते. छापील जाहिरातीला समोरचं कुणी दिसत नाही. ज्याला नातवंडं नाहीत, जी बाई अजून दवाखाना किंवा दुकान चालवते, त्यांना ही हाक लागू होत नाही. पुढे नातवंडांचे बोल. हळूहळू ऐकू येईनासं झालेल्या माणसाच्या अडचणी बँकेच्या खिडकीशी, डॉक्टरांच्या खोलीत, फोनवर आणि लग्नाच्या हॉलमध्ये असतात. त्याच्या जगण्यातून एवढं सगळं वगळून फक्त नातू ठेवायचा, ही त्याची कीव झाली. आणि सर्वांत वाईट वाक्य तिसरं. तिथे लेखकानं ज्याच्या कानात यंत्र बसायचं त्याच्याकडे पाठ फिरवली आणि त्याच्या देखत मुलांशी बोलायला सुरुवात केली. पैसे कधी कधी मुलं देतात हे खरं आहे. पण मुलानं आणून दिलेलं आणि स्वतःला न पटलेलं यंत्र लवकरच कपाटाच्या खणात जातं. मुलांसाठी हवी तर वेगळी जाहिरात करावी, आणि तिनंही ‘आईला विचारून, तिला सोबत घेऊन या’ असंच सांगावं.

हाच मजकूर मी असा लिहीन:

‘चारचौघांत बोलणं ऐकू येतं, पण शब्द कळत नाहीत? कानांची तपासणी करून घ्या. तपासणीचा आलेख तुमच्या हाती दिला जाईल आणि ऑडिओलॉजिस्ट तो समजावून सांगतील. श्रवणयंत्राची गरज असेल, तर एका कानाची आणि दोन्ही कानांची किंमत खाली दिली आहे. विकत घेण्याआधी यंत्र घरी नेऊन वापरून पाहता येईल. त्याची सवय व्हायला काही आठवडे लागतात. शांत खोलीत फरक लवकर जाणवतो, गोंगाटात कमी जाणवतो.’

शेवटची दोन वाक्यं पाहून दुकानाचा मालक दचकेल, पण तीच विश्वास मिळवतात. साठी ओलांडलेल्या माणसानं आयुष्यभर वस्तू घेतलेल्या असतात, फसवलं जाण्याचा अनुभवही त्याच्या गाठीशी असतो. त्याला उद्गारचिन्हं नको असतात, तपशील हवा असतो. किंमत किती, दुरुस्ती कुठे, बॅटरी किती दिवस टिकते, नाही जमलं तर पैसे परत मिळतील का. मजकूर लांबला तरी तो वाचतो, मात्र तो वाचता यायला हवा.

वाचता येणं ही कागदावरची गोष्ट आहे. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं, त्यामुळे निळ्या-हिरव्याच्या फिक्या छटा एकमेकींत मिसळतात आणि डोळ्यात प्रकाशही कमी पोचतो. पांढऱ्यावर राखाडी, फोटोवर पांढरं, चकचकीत कागदावर सोनेरी, हे सगळं टाळावं. देवनागरीत वेलांट्या आणि मात्रा वर-खाली जातात, म्हणून त्याच पॉइंटमधलं मराठी अक्षर रोमन अक्षरापेक्षा लहान दिसतं. इंग्रजी जाहिरातीचा साचा तसाच उचलून त्यात मराठी भरलं की मजकूर आपोआप बारीक होतो. अक्षर वाढवा, ओळींमध्ये जागा सोडा, अटी मूळ मजकुराच्याच आकारात छापा. पण ‘ज्येष्ठांसाठी मोठ्या अक्षरात’ असा शिक्का मारू नका. चाळिशीच्या माणसालाही ती अक्षरं आवडतील.

शिक्का न मारता काय साधतं, ते ऑक्सो कंपनीनं १९९० मध्ये दाखवलं. निवृत्त उद्योजक सॅम फार्बर यांच्या पत्नी बेट्सी यांना संधिवातामुळे साल काढायचं सोलाणं धरता येत नव्हतं. त्यातून जाड, मऊ रबरी मुठीची ‘गुड ग्रिप्स’ अवजारं तयार झाली. ‘दुखऱ्या हातांसाठी’ म्हणून ती विकली गेली नाहीत. चांगली पकड सगळ्यांनाच हवी असते, म्हणून ती सगळ्यांसाठी मांडली आणि सगळ्या वयांच्या लोकांनी घेतली. गरज एका वयस्क हातातून कळली होती आणि त्या हाताला कुणी वेगळं काढलं नाही.

जाहिरात छापण्याआधी ती त्या वयाच्या पाच-सहा जणांना दाखवावी. ‘आवडली का?’ असं विचारू नये. भिडेखातर हो म्हणतील. ‘ही कुणासाठी आहे, असं तुम्हाला वाटतं?’ असं विचारावं. ‘माझ्यासारख्यांसाठी’ असं उत्तर आलं तर ठीक. ‘म्हाताऱ्या माणसांसाठी’ असं आलं तर मजकूर पुन्हा लिहावा. त्यानंतर एक तपासणी स्वतःही करावी: हेच वाक्य मी पंचेचाळीस वर्षांच्या वकिलाला लिहिलं असतं का?

वाचकांच्या हातातही काही आहे. भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या संहितेत वयावरून कुणाची टवाळी करण्याला मनाई आहे आणि तिच्याकडे कुणीही सामान्य माणूस तक्रार करू शकतो. लाडिक भाषा त्या नियमात बसत नाही, म्हणून तिची तक्रार दुकानातच करावी लागेल. अशी जाहिरात दिसली, तर त्या दुकानदाराला फोन करा आणि सांगा की किंमत आणि अटी नीट वाचता येतील अशा छापा, आणि आमच्याशी बोला, आमच्या मुलांशी नको.