पंच्याऐंशी अंशांची वही

मे महिना सरत आला की कोकणात पेटीचा आंबा उतरणीला लागतो आणि कॅनिंगचा आंबा सुरू होतो. आकाराने लहान, सालीवर डाग पडलेला किंवा जरा जास्तच पिकलेला असा हा आंबा क्रेट भरभरून रसाच्या कारखान्यात येतो. कारखाना म्हणजे तरी काय, घराच्या मागची पत्र्याची शेड. तिच्यात एक पल्पर, वाफेवरच्या दोन कढया, डब्याला झाकण लावणारं सीमर मशीन, उकळत्या पाण्याची टाकी आणि गार पाण्याची टाकी एवढंच असतं. साडेआठशे ग्रॅमचा हापूस रसाचा डबा अशाच जागी तयार होतो आणि पुढे वर्षभर एखाद्या फडताळात बसून राहतो.

हे वर्षभर बसून राहणंच जोखमीचं. बंद डब्यात हवा नसते आणि क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम या जिवाणूला नेमकी तशीच जागा लागते. त्याचे बीजाणू मातीत सगळीकडे असतात. पाणी कितीही खळखळा उकळलं तरी नेहमीच्या वेळात ते मरत नाहीत, त्यासाठी दाबाखाली 121 अंशांपर्यंत जावं लागतं. 1971 साली न्यूयॉर्क राज्यात डब्यातलं बटाट्याचं सूप खाऊन एका माणसाचा मृत्यू झाला, तो याच विषामुळे. सुपाला पुरेशी उष्णता मिळालेली नव्हती आणि ते आंबटही नव्हतं. आंब्याच्या रसाला मात्र आंबटपणाचा आधार आहे. सामू, म्हणजे पीएच, 4.6 च्या खाली असला की हे बीजाणू जिवंत राहूनही रुजत नाहीत. मग उरतात यीस्ट, बुरशी आणि साधे जिवाणू, आणि त्यांना उकळतं पाणी बहुधा पुरतं.

अंतराळवीरांच्या जेवणासाठी 1960 च्या दशकात अमेरिकेत पिल्सबरी कंपनी आणि नासा यांनी मिळून एक पद्धत बसवली. आपल्याकडे कारखानदार तिला ‘हॅसप’ म्हणतात. तिचा गाभा एका प्रश्नात आहे: कोणती पायरी चुकली तर पुढची कुठलीच पायरी ती चूक सावरू शकत नाही? लहान कारखानदार उत्साहाने पंचवीस-तीस धोके लिहून काढतो, क्रेटवरच्या मातीपासून कामगाराच्या टोपीपर्यंत. ते सगळं पाळायचंच असतं, पण स्वच्छतेचा रोजचा नियम म्हणून. रसाच्या कारखान्यात वरच्या प्रश्नाला पुरून उरतात त्या मुख्यतः तीन पायऱ्या: आंबटपणा, उष्णता आणि झाकणाची शिवण. कुणी पल्परची चाळणीही त्यांत धरतात, कारण तुटलेल्या तारेचा तुकडा उकळून नाहीसा होत नाही.

आंबटपणाचं काम सोपं दिसतं, पण फसवतं ते इथेच. आंबा जितका जास्त पिकलेला, तितका सामू वर सरकतो. सकाळचा रस आणि दुपारचा रस एकाच बागेतल्या आंब्याचा असला तरी सारखा नसतो. म्हणून मोजणी दिवसाला एकदा करून भागत नाही, ती दर कढईला करावी लागते. समजा, कारखान्याने आपली मर्यादा 4.0 ठरवली. कायम 4.6 च्या कडेवर चालण्यापेक्षा हे अंतर ठेवलेलं बरं. एका कढईचा आकडा 4.3 आला तर काय करायचं, हे योजनेत आधीच लिहिलेलं असतं. भरणी सुरू करायची नाही, सायट्रिक आम्ल थोड्या रसात विरघळवून कढईत घालायचं, नीट ढवळायचं, नमुना गार करून पुन्हा मोजायचं आणि दोन्ही आकडे वहीत टाकायचे.

उष्णतेची गोष्ट जास्त नाजूक. रस दाट असतो, डब्यात तो पाण्यासारखा फिरत नाही, त्यामुळे ऊब कडेकडून मधे सावकाश पोचते. आपल्या या कारखान्याने तंत्रज्ञाकडून तपासून घेतलेली रीत अशी धरू: भरताना रस किमान 85 अंश आणि नंतर उकळत्या पाण्यात 30 मिनिटं. डबे सोडले की पाण्याची उकळी मोडते, म्हणून घड्याळ डबे टाकल्यापासून धरायचं नाही, उकळी परत आल्यापासून धरायचं. नव्या कामगाराकडून हमखास चुकतं ते इथे. आणि ही रीत जशीच्या तशी उचलून कुणी महाबळेश्वरला नेली तर पंचाईत होईल, कारण तिथे पाणी 95-96 अंशांनाच उकळतं.

आता सकाळी साडेदहाची वेळ घ्या. सीमर अडकला, दुरुस्तीला दहा मिनिटं गेली, तेवढ्यात कढईतला रस निवला. भरणीवरच्या मुलाने काटा बघितला तर 81. दहा वाजताचा आकडा 87 होता. मग बिघाड नेमका कधी झाला? ते कुणालाच सांगता येत नाही, म्हणून दहापासून भरलेले सगळे डबे संशयित. मिनिटाला तीन डबे या वेगाने अर्ध्या तासात नव्वद होतात, दुरुस्तीची दहा मिनिटं वजा केली तर साठ. तपासणी दर दहा मिनिटांनी असती तर संशय जेमतेम वीस-तीस डब्यांपुरता राहिला असता. तपासणी किती वेळाने करायची हे ठरवताना एका बाजूला माणसाचा वेळ असतो, दुसऱ्या बाजूला असे बाजूला काढावे लागणारे डबे.

टाकीत न गेलेले डबे उघडून रस कढईत परत जातो, तापतो, पुन्हा मोजला जातो. उकळून झालेल्या डब्यांवर ‘थांबवा’ची लाल चिठ्ठी लागते आणि तंत्रज्ञ निर्णय देईपर्यंत ते हलत नाहीत. शिवाय योजनेत एक ओळ वाढते: सीमर पाच मिनिटांहून जास्त थांबला तर भरणीआधी रस पुन्हा तापवावा. ही ओळ राहून गेली तर पुढच्या आठवड्यात तोच सीमर तोच घोटाळा करणार.

शिवणीचं नुकसान गार पाण्यात होतं. गरम डबा निवताना आत पोकळी तयार होते आणि शिवण किंचित सैल असेल तर डबा बाहेरच्या पाण्याचा थेंब आत ओढून घेतो. म्हणून शिवण नुसती डोळ्यांनी बघून भागत नाही, काही तासांनी एखादा डबा कापून तिची घडी मोजतात, आणि थंड पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे ना तेही पाहतात. माल चौदा दिवस गोदामात ठेवून फुगलेला डबा शोधायचा, ही नंतरची चाळणी. तिच्यावर सगळा भार टाकता येत नाही, कारण विषारी डबा फुगेलच असं नाही.

हे सगळं ज्या काट्यावर उभं आहे, तो काटा दर सोमवारी वितळत्या बर्फात बुडवतात. एका सोमवारी तो शून्याऐवजी 2 दाखवतो, उकळत्या पाण्यातही 102. म्हणजे वहीतला 87 हा खरा 85, आणि 86 हा 84. मागच्या आठवड्याची पानं उघडली जातात. जिथे 88, 87, 89 लिहिलंय तो माल सुटतो, 86 आणि 85 लिहिलेल्या वेळांचे डबे गोदामातून शोधून लाल चिठ्ठीखाली येतात. शेजारच्या कारखान्याच्या वहीत आकड्यांऐवजी एकाच पेनने ओळीने ‘ठीक, ठीक, ठीक’ लिहिलेलं असतं. तिथे काट्यात असाच दोन अंशांचा फरक निघाला तर आठवड्याचा सगळा माल अडकतो.