उताराचं सूत्र नसताना स्पर्शिकेनं उत्तर कसं गाठायचं?

आपण ढाणकीच्या शिवारातला एक काटकोनी प्लॉट डोळ्यांसमोर आणू. क्षेत्रफळ १२०० चौरस मीटर, कर्ण ५० मीटर, बाजू किती? दहा मीटरला एक एकक मानलं, तर दोन अटी होतात: क्ष × य = १२ आणि क्ष² + य² = २५. शाळेतल्या बीजगणितानं हे सुटतं, म्हणूनच आम्ही ते घेतलं. उत्तर पडताळता येईल.

पद्धत अशी. एक अंदाज धरायचा, त्या ठिकाणी वक्राऐवजी त्याची स्पर्शिका घ्यायची, आणि सरळ समीकरणं सोडवून पुढचा अंदाज काढायचा. सिम्पसननं १७४० मध्ये ही न्यूटनची रीत दोन समीकरणांना लावली. त्यासाठी प्रत्येक अट प्रत्येक अज्ञातानुसार किती बदलते, तो तक्ता लागतो. त्यालाच जॅकोबियन म्हणतात. पण सूत्र हाताशी नसेल तर? मग अंधारात पायानं जमीन चाचपतो तसं करायचं: एक अज्ञात किंचित हलवायचा आणि फरक बघायचा.

अंदाज (५, २) घेऊ. पहिल्या अटीत १० येतात, म्हणजे २ कमी. दुसरीत २९, म्हणजे ४ जास्त. आता क्ष ०.०१ नं वाढवू. पहिली अट ०.०२ नं वाढते, दुसरी ०.१००१ नं. ०.०१ नं भागलं की उतार मिळतात २ आणि १०.०१. तसंच य हलवून ५ आणि ४.०१. क्ष मधला बदल 'अ' आणि य मधला 'ब' म्हटला तर:

२अ + ५ब = २
१०.०१अ + ४.०१ब = −४

उत्तर अ ≈ −०.६६७, ब ≈ ०.६६७. नवा अंदाज (४.३३, २.६७). पुन्हा तक्ता, पुन्हा सोडवणूक: (४.०७, २.९३), मग (४.००४, २.९९६). खरं उत्तर ४ आणि ३, म्हणजे ४० आणि ३० मीटर. चुका बघा: १, ०.३३, ०.०७, ०.००४. जवळ आल्यावर चूक फार झपाट्यानं आटते.

आता फसतं कुठं? हलवणूक जितकी लहान तितकी बरी, असं वाटतं. पण संगणक साधारण सोळा अंकच सांभाळतो. ५ मध्ये १०⁻¹⁶ मिळवले तरी त्याच्या लेखी ५ च राहतात. फरक शून्य, तक्त्याचा एक स्तंभच शून्य. म्हणून अज्ञाताच्या आकाराच्या सुमारे १०⁻⁸ पट हलवणूक घेतात.

दुसरा धोका सुरुवातीचा. (३, ३) पासून निघालात, तर तक्त्याचे दोन्ही स्तंभ सारखेच येतात आणि समीकरणं सुटतच नाहीत. (३.५, ३.४) घेतलं तर पुढचा अंदाज एकदम (६, १) च्या आसपास फेकला जातो. अशी उडी दिसली की समजावं, निश्चयक शून्याजवळ आहे. अंदाज बदलावा किंवा पाऊल अर्धं करावं. आणि शेवटी आलेल्या बाजू मूळ अटींत घालून बघाव्यात. तक्ता अंदाजाचा असला, तरी अटी खऱ्याच असतात.