गरम होणारा गीझरचा स्विच

2000 वॅटचा गीझर 230 व्होल्टवर सुमारे 9 अँपिअर वीज ओढतो. तो 6 अँपिअरच्या, दिव्यापंख्याच्या स्विचवर चालवला की स्विच तापतो. योग्य क्षमतेचा स्विचही स्क्रू सैल असेल तर तापतो; सैल जोडात ठिणग्या उडतात, चरचर ऐकू येते. आतले पॉइंट एकदा जळले की नुसता स्क्रू आवळून भागत नाही. स्विच बदलावाच लागतो.

दुरुस्तीपूर्वी एमसीबी बंद करून टेस्टर आधी चालू सॉकेटवर, मग या तारेवर लावतात. काळवंडलेले टोक कापून, चकचकीत तांबे दिसेपर्यंत तार सोलतात आणि 16 किंवा 20 अँपिअरच्या स्विचमध्ये घट्ट आवळतात. तार मात्र किमान 2.5 चौरस मिलिमीटरची हवी. बारीक तारेवर मोठा स्विच बसवणे ही निव्वळ फसवणूक. मग तापते ती भिंतीतली तार.