नवरात्रात एकवेळचे जेवण : कुट्टूचे पीठ, सैंधव आणि नोकरीचा दिवस

घटस्थापना जवळ आली की दिल्ली, नोएडा, भोपाळ, लखनौकडे राहणाऱ्या मराठी भगिनी एकच प्रश्न विचारतात. गावाकडे आपला उपवास वरई, साबुदाणा आणि राजगिऱ्यावर व्हायचा. इकडे शेजारीपाजारी सगळ्यांकडे कुट्टू. ऑफिस सांभाळून नऊ दिवस एकदाच जेवायचं असेल तर हे कुट्टूचं पीठ कसं वापरायचं? आज फक्त त्याबद्दलच बोलू.

मागच्या वर्षी नोएडात नोकरी करणाऱ्या एक ताई माझ्याकडे आल्या होत्या. वय अडतीस, मधुमेह नाही, रक्तदाब नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मेट्रोत उभ्या असताना त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. कोणीतरी जागा दिली म्हणून पडल्या नाहीत. मी त्यांना दिवसभरात काय खाल्लं ते विचारलं. सकाळपासून चार कप चहा, दुपारी काही नाही, पाणी जेमतेम एक बाटली. रात्री साडेनऊला तळलेल्या कुट्टूच्या सहा-सात पुऱ्या आणि बटाट्याची भाजी, की लगेच झोप. सकाळी पोट जड, म्हणून पुन्हा चहाच! मीठ तर त्यांनी पूर्ण सोडलं होतं. आता यात उपवासाचा दोष कुठे आहे, सांगा?

आपण त्यांचा दिवस नव्याने मांडला. नेम एकदाच जेवायचा होता, तो तसाच ठेवला. शास्त्रात एकभुक्त म्हणजे दुपारी एकदा आणि नक्त म्हणजे रात्री एकदा. ताईंना दुपारी ऑफिसात गरम जेवण शक्य नव्हतं, म्हणून नक्त धरलं. पण वेळ साडेनऊ नाही, घरी पोहोचून आरती झाली की साडेसात. झोप साडेदहाला. मधले तीन तास पोटाला मिळाले की सकाळचा जडपणा जातो.

दिवसभरासाठी फळं आणि दूध. सकाळी निघण्याआधी एक केळं आणि पेलाभर दूध. अकराच्या सुमारास पपई किंवा पेरू. चार वाजता एक सफरचंद आणि मूठभर भाजलेले मखाणे. हा चारचा खाऊ चुकवू नका, कारण मेट्रोतली अंधारी येण्याची वेळ तीच असते. फळांचा रस काढू नका, तो लगेच पचतो आणि तासाभरात पुन्हा भूक लागते. चहा सुटत नसेल तर दोन कप घ्या, पण काही खाल्ल्यावर. एरवी दिवसाला चार-पाच कप पिणारीने एकदम बंद केला तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डोकं ठणकतं. म्हणून नवरात्राच्या आदल्या आठवड्यातच रोज थोडा कमी करत या.

आता मीठ. सैंधव, ज्याला शेंदेलोण म्हणतात, ते उपवासाला चालतं म्हणून काहीजणी सढळ हाताने घालतात. लक्षात ठेवा, तेही मुख्यतः सोडियमच आहे. रक्तदाबाला ते बिनधास्त चालतं ही समजूत चुकीची. उलट ताईंसारखं पूर्ण सोडून वर भरपूर पाणी प्यायलं तर अशक्तपणा वाढतो. दिवसाला सपाट चहाचा एक चमचा ही वरची मर्यादा धरा, तीही बारीक दळलेल्या मिठाची. त्यातलं चिमूटभर दुपारच्या ताकात घाला. ऑक्टोबरची उष्मा आणि मेट्रोतली गर्दी दोन्हीत घाम येतोच. सैंधवात सहसा आयोडीन नसतं, पण नऊ दिवसांनी निरोगी माणसाचं काही बिघडत नाही. दहाव्या दिवसापासून पुन्हा नेहमीचं मीठ सुरू करा, एवढंच.

आता कुट्टूकडे वळू. हे धान्य नव्हे, एका झाडाचं तिकोनी बी आहे. डोंगराळ भागात त्याला ओगल किंवा फाफर म्हणतात. त्यात चिकटा, म्हणजे ग्लुटेन, नसतो. म्हणून लाटायला गेलं की पोळीचे तुकडे होतात. आपल्याला ज्वारीची भाकरी येते, थालीपीठ येतं, मग अडचण कसली? एका जेवणासाठी वाटीभर, म्हणजे सुमारे नव्वद ग्रॅम पीठ घ्या. त्यात एक मध्यम उकडलेला बटाटा किसून घाला, हिरवी मिरची, थोडं सैंधव, आणि कोमट पाणी थेंबाथेंबाने. भिजवून ठेवू नका, तासभराने गोळा चिकट आणि बुळबुळीत होतो. ओल्या फडक्यावर थापा, मध्ये भोक पाडा आणि तव्यावर दोन चमचे तुपात मंद आचेवर भाजा. तळलेल्या पुरीपेक्षा कितीतरी हलकं. बरोबर दुधी किंवा लाल भोपळ्याची भाजी, वाटीभर दही आणि पन्नास ग्रॅम पनीर. पनीर ऐच्छिक समजू नका. दिवसात एकच जेवण असताना प्रथिनं त्यात यायलाच हवीत.

खरी काळजी पिठाचीच. उत्तरेत जवळजवळ दर नवरात्रात कुट्टूच्या पिठाने उलट्या, चक्कर, हातापायांना थरथर होऊन लोक रुग्णालयात पोहोचल्याच्या बातम्या येतात. कुट्टूत तेलाचा अंश असतो, दळल्यावर तो खवट होतो. जुन्या, दमट पिठाला बुरशी लागते. बहुतेक घरांत घोटाळा असा होतो की चैत्रातलं उरलेलं पाकीट शारदीय नवरात्रात उघडतात. मधे पूर्ण उन्हाळा आणि पावसाळा गेलेला असतो! ते टाकून द्या. सुट्टं पीठ घेऊ नका. शक्य असेल तर कुट्टूची गिरी, म्हणजे सोललेले दाणे, घेऊन तीन दिवसांपुरतं घरीच दळा आणि डबा फ्रिजमध्ये ठेवा. नऊ दिवसांना एक किलो पुरतं. पिठात तपकिरी-करडा रंग आणि काळे ठिपके असणं स्वाभाविक आहे. पण कुबट वास, जाळ्या, गाठी किंवा जिभेवर कडूपणा जाणवला तर एक घासही नको. तळून कडूपणा झाकता येतो, धोका जात नाही. कुट्टूची अॅलर्जीही असते. पहिल्यांदा खात असाल तर नवरात्राआधीच थोडं खाऊन बघा. ओठ सुजले, अंगावर पित्त उठलं किंवा श्वास अडकला तर सरळ डॉक्टरकडे.

ताईंनी या पद्धतीने यंदाचं चैत्र नवरात्र केलं. पाचव्या दिवशी बद्धकोष्ठ झालं, तेव्हा पेरू-पपई वाढवून पाणी दोन-अडीच लिटर केलं आणि ते सुटलं. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनी, गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या भगिनींनी हा एकवेळचा नेम डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरू नये. घाम, थरथर, छातीत धडधड झाली तर साखरपाणी लगेच घ्या, उपवास पुढच्या वर्षी करता येईल.

एक शेवटचं. इकडे अष्टमी-नवमीला कन्यापूजनाचा शिरा-पुरी आणि काळे चणे असतात. आठ दिवस हलकं खाल्लेल्या पोटात एकदम भरपेट गेलं तर पोट बिघडतं. प्रसाद म्हणून दोन पुऱ्या आणि चमचाभर शिरा घ्या. वरणभात संध्याकाळी, तोही मऊ. काळे चणे मात्र दुसऱ्या दिवशी मनसोक्त.