पांढरा डाग आणि कापसाची वात

रत्नागिरीत एकोणिसाव्या शतकात दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून कुष्ठरुग्णालय उभे राहिले. म्हणजे अंगावरच्या डागाची धास्ती या गावाला नवी नाही. त्यातून भाषेनेही घोटाळा करून ठेवला आहे. ‘कोड’ हा शब्द ‘कुष्ठ’ या संस्कृत शब्दापासूनच आला. त्यामुळे ज्याला निरुपद्रवी पांढरे कोड आहे, त्यालाही लोक महारोगी समजून दूर ठेवतात. आणि ज्याला खरोखर तपासणीची गरज असते, त्याचा डाग फिकट व न दुखणारा असल्यामुळे नजरेआड होतो.

हल्ली डागाचे छायाचित्र काढून नातेवाइकांना किंवा डॉक्टरांना पाठविण्याची सवय झाली आहे. अशी तीन छायाचित्रे आपण समोर ठेवली आहेत असे समजू.

पहिल्यात ओठांच्या कडेला आणि बोटांच्या पेरांवर दुधासारखे, खडूसारखे पांढरे डाग आहेत. कडा स्पष्ट, त्वचा गुळगुळीत, मधले काही केसही पांढरे. हे कोड. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी तिथे नाहीशा झालेल्या असतात. स्पर्श मात्र शाबूत असतो, आणि हा रोग कोणालाही लागत नाही. कुष्ठरोगाचा डाग असा दुधासारखा पांढरा कधीच होत नाही, ही खूणगाठ बांधून ठेवावी.

दुसऱ्यात छातीवर व पाठीवर लहान लहान फिकट ठिपके आहेत आणि काही एकमेकांत मिसळले आहेत. नखाने हलके खरवडले की कोंड्यासारखी बारीक भुकटी निघते. ही शिबी. त्वचेवर राहणारी एक बुरशी घामात व दमट हवेत माजते, आणि कोकणचा पावसाळा तिला फारच मानवतो. मलमाने बुरशी मरते, पण रंग परतायला काही महिने लागतात. म्हणून बऱ्या झालेल्या शिब्यांचे छायाचित्रही आजारासारखेच दिसते.

तिसरे छायाचित्र मिरकरवाड्यावर जाळी ओढणाऱ्या एका तरुणाचे आहे असे धरा. कोपराखाली रुपयाच्या नाण्याहून मोठा, किंचित तांबूस फिकट असा एकच डाग आहे. त्यावर केस विरळ, त्वचा कोरडी, घाम येत नाही. खाज नाही, कोंडा नाही. घरच्यांनी शिबे म्हणून चार महिने मलम चोळले, डाग तसाच. एके दिवशी चहाचे पातेले त्याच जागी लागले. फोड आला, पण चटका जाणवला नाही.

या छायाचित्रात नेमकी महत्त्वाची गोष्टच उमटत नाही. कॅमेरा रंग व कडा टिपतो, बधिरपणा टिपत नाही. शिवाय फोनचा प्रखर दिवा, किंवा कांती उजळ दाखविण्याची सोय, तांबूस डागाला पांढरे करून टाकते. म्हणून छायाचित्र दिवसा, सावलीतल्या उजेडात, जवळ नाणे ठेवून काढावे आणि त्यावर निदान संपले असे मानू नये.

उरलेले काम कापसाच्या वातीचे. वातीचे टोक बारीक करावे. आधी माणसाला बघू देऊन निरोगी त्वचेला ते लावून दाखवावे. मग त्याला डोळे मिटायला सांगावे. वात न घासता नुसती टेकवावी आणि जिथे लागली तिथे त्याने बोट ठेवावे. कधी डागावर, कधी बाजूच्या त्वचेवर, तर कधी न टेकवताच विचारावे. म्हणजे अंदाजाने दिलेले उत्तर पकडले जाते. निरोगी जागी बोट अचूक पडते आणि डागावर चुकते किंवा उठतच नाही, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घेतलीच पाहिजे. टाचणी वापरू नये.

या कसोटीलाही मर्यादा आहेत. चेहऱ्यावर मज्जातंतूंचे जाळे दाट असल्याने तिथल्या डागावर स्पर्श टिकून राहू शकतो. आरंभीचा डागही बधिर असेलच असे नाही. लहान मुलांची उत्तरे भरवशाची नसतात. म्हणून वात जाणवली तरी, न हटणारा फिकट डाग, हातापायांना मुंग्या, करंगळीची ताकद कमी होणे किंवा तळपायाची न दुखणारी जखम असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. तिथे डॉक्टर मज्जातंतू जाड झाले आहेत का, हे कोपरामागे हाताने चाचपून पाहतात.

उपचार तेथे मोफत आहेत. डाग पाचपर्यंत असले तर साधारणतः सहा महिने, अधिक असले तर बारा महिने गोळ्या घ्याव्या लागतात. गोळ्या सुरू झाल्या की संसर्गाची शक्यता लवकरच संपते. घरातून कोणाला वेगळे काढण्याचे कारण उरत नाही. गोळ्यांनी जंतू मरतात. पण बराच काळ दबलेला मज्जातंतू नेहमीच पूर्ववत होतो असे नाही. त्या तरुणाचे मलम चोळण्यात गेलेले चार महिने त्या मज्जातंतूच्या खाती जमा झाले.