गिगाबिट लिंकवर ९४१च का दिसतात?

स्विचच्या खोक्यावर '१ गिगाबिट' असे छापलेले असते. गिगाबिट म्हणजे सेकंदाला शंभर कोटी बिट. पण दोन संगणकांमध्ये मोठी फाइल पाठवायला घेतली, की खिडकीत कधी ११२ मेगाबाइट दिसतात, कधी ८०, कधी जेमतेम ११. यातला कुठला आकडा ठीक, कुठला बिघाडाचा, हे फाइल पाठवून कळत नाही. फाइल आधी डिस्कवरून वाचावी लागते, पलीकडे डिस्कवर लिहावी लागते, मधे कधी अँटिव्हायरसही ती तपासतो. वेग कमी पडला तर दोष तारेचा की डिस्कचा, हे त्या एका आकड्यातून वेगळे काढता येत नाही.

फक्त नेटवर्क मोजायचे असेल तर आयपर्फ हे छोटे मोफत साधन वापरतात. त्याची पहिली आवृत्ती अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाशी निगडित गटाने केली. आज जास्त वापरात असलेली `iperf3` ही आवृत्ती कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कले नॅशनल लॅबोरेटरीत चालणाऱ्या ईएसनेटने पुन्हा पहिल्यापासून लिहिली. जुनी आणि नवी आवृत्ती एकमेकींशी बोलत नाहीत, म्हणून दोन्ही टोकांना `iperf3`च हवे. एक संगणक मेमरीतच माहिती तयार करून पाठवतो, दुसरा ती घेतो, मोजतो आणि टाकून देतो. डिस्क कुठेच येत नाही, त्यामुळे हाती येणारा आकडा नेटवर्कचा आणि त्या दोन यंत्रांच्या पाठवण्या-घेण्याच्या क्षमतेचा असतो.

लग्नाचे व्हिडिओ करणारा एक स्टुडिओ समजा. संकलन मॅकवर चालते आणि सगळे चित्रीकरण लिनक्सवर चालणाऱ्या एका सर्व्हरवर साठवले जाते. सगळी यंत्रे गिगाबिटची आहेत, तरी एका लग्नाचे ४० गीगाबाइट सर्व्हरवर चढवायला जवळपास तास लागतो. मालक नवा, महागडा स्विच घ्यायच्या विचारात आहे. त्याआधी मोजून पाहू. सर्व्हरवर ही आज्ञा द्यायची:

```
iperf3 -s
```

आता तो ५२०१ क्रमांकाच्या पोर्टवर वाट पाहत बसतो. जोडणी झालीच नाही तर आधी फायरवॉलमध्ये हे पोर्ट उघडे आहे का ते पाहायचे. मग मॅकवर, सर्व्हरचा पत्ता देऊन:

```
iperf3 -c 192.168.1.10 -t 30 -O 3
```

`-t 30` म्हणजे तीस सेकंद मोजणी. `-O 3` म्हणजे सुरुवातीचे तीन सेकंद हिशेबात धरायचे नाहीत, कारण टीसीपी नव्या जोडणीवर हळू निघते आणि अंदाज घेत वेग वाढवते. शेवटी दोन ओळी येतात, एक पाठवणाऱ्याची आणि एक घेणाऱ्याची. विश्वास घेणाऱ्याच्या ओळीवर ठेवायचा, कारण खरोखर पोहोचले किती हे तीच सांगते. आपल्या स्टुडिओत ती अशी आली:

```
[  5]  0.00-30.00 sec   337 MBytes  94.1 Mbits/sec  receiver
```

हा आकडा वाचण्याआधी धडधाकट गिगाबिट तारेवर किती यायला हवे, ते कळायला हवे. उत्तर हजार नाही, ९४१ आहे.

इथरनेटवर माहिती सुटी जात नाही, लहान लहान पुडक्यांत जाते. आंब्याच्या पेटीचे वजन करताना लाकूड आणि पेंढाही काट्यावर चढतो, तसाच प्रकार इथे आहे. एका पुडक्यात १५०० बाइट मावतात, पण त्यातले २० आयपीच्या आणि २० टीसीपीच्या मथळ्याला जातात. मॅक आणि लिनक्स त्यात वेळेच्या नोंदीचे आणखी १२ घालतात. उरले १४४८. शिवाय प्रत्येक पुडक्याबरोबर इथरनेटचे स्वतःचे ३८ बाइट तारेवर खर्च होतात. त्यात सुरुवातीची खूण, पत्ते, तपासणीचा आकडा आणि पुढच्या पुडक्याआधी सोडायची मोकळी जागा, असे सगळे आले. म्हणजे तार १५३८ बाइटांचा वेळ वापरते आणि आपल्या कामाचे १४४८ पोहोचवते. १४४८ भागिले १५३८ म्हणजे ९४.१ टक्के. गिगाबिटवर त्याचे होतात सेकंदाला ९४१ मेगाबिट.

यात बिघाड काही नाही. छापलेला वेग तारेचा असतो आणि आयपर्फ फक्त आतला माल मोजतो. विंडोज सहसा वेळेच्या नोंदी घालत नाही, म्हणून एका टोकाला विंडोज असेल तर ९४९ दिसू शकतात. ९४० ते ९५० च्या आसपासचा आकडा दिसला की तार, सॉकेट आणि स्विच यांनी आपले काम पूर्ण केले असे समजायचे. याच ९४१ला आठने भागले की सेकंदाला ११७.६ दशलक्ष बाइट होतात. काही प्रोग्राम १०२४च्या पटीने मोजतात, त्यांच्या खिडकीत हेच ११२ म्हणून दिसतात. आयपर्फही `Transfer`चा रकाना १०२४च्या पटीने आणि वेगाचा रकाना हजाराच्या पटीने मोजते. त्यामुळे दोन्हींचा ताळा घ्यायला गेले तर पटकन जुळत नाही.

आता स्टुडिओचा ९४.१ वाचू. तो गिगाबिटच्या मर्यादेचा बरोबर दहावा हिस्सा आहे. म्हणजे तेच ९४.१ टक्के, पण शंभर मेगाबिटचे. तार मंदावलेली नाही, ती शंभरच्या वेगावर पूर्ण क्षमतेने चालली आहे. गर्दीमुळे किंवा थकलेल्या प्रोसेसरमुळे वेग घटला असता तर आकडा ६२ किंवा ३७० असा कुठेही थांबला असता आणि सेकंदागणिक हलला असता. नेमका ९४वर स्थिर उभा राहिलेला आकडा सांगतो, की यंत्रांनी आपापसांत शंभर मेगाबिटच ठरवले आहेत. मॅकवर `ifconfig en0` दिल्यावर (`en0` हे तारेच्या जोडणीचे नाव, ते काही यंत्रांवर वेगळे असते) `media` च्या ओळीत `100baseTX` दिसले आणि शंका फिटली. लिनक्सवर हेच `ethtool` सांगते.

असे होण्याचे कारण तारेच्या आत सापडते. नेटवर्कच्या केबलमध्ये पिळलेल्या तारांच्या चार जोड्या असतात. शंभर मेगाबिटला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. टोकाच्या प्लगमध्ये एखादी तार नीट दाबली गेली नसेल, किंवा केबल टेबलाच्या पायाखाली चेपली असेल, तर अनेक यंत्रे मुकाट्याने शंभरवर उतरतात. जोडणी चालू राहते, इंटरनेट चालते, म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही. जुन्या कचेऱ्यांत एकच केबल फोडून तिच्यावर दोन सॉकेट काढलेली असतात. तिथे गिगाबिट मिळणारच नाही. स्वस्त राउटरची पोर्टही अनेकदा शंभरचीच असतात. स्टुडिओत दोष मॅकपासून भिंतीपर्यंतच्या छोट्या केबलमध्ये होता. ती बदलून तीच आज्ञा पुन्हा दिली, तेव्हा ९४१ आले.

मग त्याच मापाने उलटी दिशाही पाहायची. साध्या आज्ञेत मॅक पाठवतो आणि सर्व्हर घेतो. शेवटी `-R` जोडले की उलट होते. दोन्हीकडे ९४१ आले तर विषय संपला. एकीकडे ९४१ आणि दुसरीकडे ३०० आले, तर तार शंभरवर उतरली असण्याची शक्यता नाही. मग एखाद्या टोकाचा ड्रायव्हर, कमजोर प्रोसेसर किंवा दोन टोकांच्या सेटिंगमधली विसंगती शोधायची. पाठवणारे टोक लिनक्सचे असेल तर `Retr` नावाचा रकाना दिसतो. वाटेत हरवून पुन्हा पाठवावी लागलेली पुडकी तो मोजतो. घरातल्या तारेवर तो शून्याच्या जवळ हवा. शेकड्यांनी वाढत असेल तर पुडकी वाटेत गळताहेत.

९४१ आल्यावर गणिताने ४० गीगाबाइट चढायला पावणेसहा मिनिटे पुरावीत. स्टुडिओत आठ मिनिटांच्या वर लागले. आता मात्र नेटवर्कला दोष देता येत नाही, ते मोजून झाले आहे. सर्व्हरमधली जुनी फिरती डिस्क सेकंदाला ८० मेगाबाइटच्या आसपास लिहीत होती, आणि ४० गीगाबाइटला ८०ने भागले की हीच आठ मिनिटे येतात. स्विच बदलून यात मिनिटाचाही फरक पडला नसता.

वायफायवर मात्र ९४ टक्क्यांची अपेक्षा ठेवू नये. लॅपटॉप '८६६ मेगाबिट' दाखवतो आणि आयपर्फ पाचशेच्या घरात देते. तरी ते चांगले म्हणायचे. तारेत जाणे आणि येणे एकाच वेळी चालते, हवेत एकाच चॅनेलवर सगळ्यांनी आळीपाळीने बोलायचे असते. प्रत्येक वेळी आधी ऐकायचे, थांबायचे, पाठवायचे आणि पोहोच मिळण्याची वाट पाहायची. टीसीपीच्या पोचपावत्यांनाही याच रांगेत उभे राहावे लागते. म्हणून छापलेल्या वेगाच्या निम्मा ते दोन तृतीयांश मिळाला तर जोडणी निरोगी समजावी. मोजताना एक टोक तारेवर असू द्यावे. दोन्ही लॅपटॉप वायफायवर असले तर प्रत्येक पुडके हवेतून दोनदा जाते, आकडा पुन्हा निम्म्यावर येतो आणि दोष उगाच राउटरवर ढकलला जातो.

लांबच्या जोडणीत आणखी एक मर्यादा येते. पाठवणारा पोच मिळण्याआधी किती माहिती सोडू शकतो, याला टीसीपीत खिडकी म्हणतात. दोन शहरांतल्या कचेऱ्यांमध्ये जाऊन-येऊन ३० मिलिसेकंद लागत असतील आणि खिडकी ६४ किलोबाइटवर अडकली असेल, तर लिंक शंभर मेगाबिटची असो वा हजारची, एका जोडणीला साडेसतराच मेगाबिट मिळतात. शंभर भरायला ३७५ किलोबाइटांची खिडकी लागते. आधुनिक यंत्रे खिडकी आपोआप मोठी करतात, पण जुनी यंत्रे आणि मधली काही उपकरणे तसे करू देत नाहीत. हे ओळखायला `-P 4` द्यायचे. त्याने चार जोड्या एकदम धावतात. चारींची बेरीज एकटीच्या जवळपास चौपट आली, तर लिंक मोकळी आहे आणि अडथळा खिडकीचा आहे. बेरीज तेवढीच राहिली तर लिंक खरेच भरली आहे किंवा मधे कुणी मर्यादा घातली आहे.

कोणतीही मोजणी त्या दोन टोकांपुरतीच आणि त्या क्षणापुरतीच खरी असते. त्यामुळे आकड्याशेजारी तारीख, दोन्ही यंत्रांची नावे, दिशा आणि तार की वायफाय, एवढे लिहून ठेवावे. नेटवर्क ठणठणीत असताना केलेली ही नोंद पुढे सर्वांत जास्त कामाला येते. तक्रार आली की त्याच दोन यंत्रांवर तीच आज्ञा द्यायची. आकडा जुळला तर डिस्क आणि प्रोग्रामकडे वळायचे. पडलेला असला तर किती पडला ते पाहायचे. ९४वर स्थिर असेल तर केबल, एकीकडेच कमी असेल तर टोकाचे यंत्र, आणि चार जोड्यांनी भरून निघत असेल तर खिडकी.